विश्लेषण : ‘यंदा बोनस नाही’ हे कामगारांना कसे सांगायचे?

दिवाळी तोंडावर आली की छोट्या-मध्यम कारखान्यांत आणि कार्यालयांत एकच प्रश्न फिरतो, ‘बोनस कधी?’ काही ठिकाणी यंदा त्याचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘नेहमीपेक्षा कमी’ असते. निर्णय मालकाचा असतो, पण तो तोंडाने सांगण्याची वेळ बहुतेकदा व्यवस्थापकावर किंवा टीम लीडरवर येते. पैसे तर मिळणार नसतात. मग ते कसे सांगितले, याने काही फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे.

सांगण्याच्या पद्धतीने खरेच फरक पडतो?

अमेरिकेतील संघटनात्मक मानसशास्त्राचे अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात आजही आधार मानला जातो. एका उत्पादक कंपनीच्या हातून मोठी कंत्राटे गेली. कोणालाही कामावरून काढायचे नाही म्हणून दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. कपात दोन्हीकडे सारखीच होती, सांगण्याची पद्धत मात्र वेगळी होती. एका कारखान्यात सुमारे दीड तासाची बैठक झाली. कंपनीच्या प्रमुखाने आकडे दाखवले, कारण समजावले, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांना भरपूर वेळ दिला. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत घोषणा उरकली.

या काळात कारखान्यातील वस्तूंची चोरी दोन्हीकडे वाढली. पण जिथे पंधरा मिनिटांत विषय गुंडाळला, तिथे ती कितीतरी अधिक वाढली आणि नोकरी सोडणाऱ्यांची संख्याही तिथेच जास्त राहिली. यातून निघणारी मर्यादा लक्षात ठेवायला हवी. चांगल्या खुलाशाने नाराजी संपली नाही, फक्त कमी झाली. खुलासा ही पैशांची भरपाई नव्हे.

मुंबईला याचा जुना अनुभव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापडगिरण्यांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली आणि तो पुढची काही वर्षे चालू राहिला. १९२३ मध्ये तो दिला जाणार नाही, असे मालकांनी जाहीर केले. १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. बोनस मालकांच्या लेखी बक्षिशी होती, कामगारांच्या लेखी तो पगाराचाच भाग झाला होता. दरवर्षी मिळणारी रक्कम लोक हक्काची धरून चालतात, हे बोलायला उभे राहण्याआधी ओळखले पाहिजे.

बोनस ‘रद्द’ करता येतो का?

हा प्रश्न बैठकीच्या आधी सुटला पाहिजे, कारण इथे चूक झाली तर पुढचे सगळे शब्द वाया जातात. १९६५ च्या बोनस कायद्याने पात्र कामगाराला वेतनाच्या किमान ८.३३ टक्के बोनस बंधनकारक केला. ही तरतूद आता वेतन संहितेत आहे. पात्र कामगाराचा किमान बोनस केवळ कंपनी तोट्यात आहे म्हणून बुडवता येत नाही. नव्या आस्थापनांना पहिल्या काही वर्षांत सवलत असते आणि साधारणपणे वीसहून कमी माणसे असलेल्या आस्थापनांना हा नियम लागू होत नाही. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यायचा असतो. म्हणजे ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळीला देणे ही प्रथा आहे.

म्हणून प्रत्यक्षात रद्द होते ती कायद्याच्या वरची रक्कम किंवा कायद्याच्या कक्षेबाहेरच्या, जास्त पगाराच्या कर्मचाऱ्यांचा बोनस. त्यातही सावधगिरी हवी. नफा-तोटा न पाहता वर्षानुवर्षे सर्वांना एकाच दराने दिलेला सणाचा बोनस ‘प्रथागत’ ठरू शकतो आणि तो बंद केल्यास औद्योगिक वाद उभा राहू शकतो. पात्रतेची वेतनमर्यादा काय, हिशेब कोणत्या रकमेवर करायचा, नियुक्तिपत्रात आणि युनियनबरोबरच्या करारात काय लिहिले आहे, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून आधी तपासून घ्यावे.

एक उदाहरण

समजा, भोसरीत सुटे भाग बनवणारा ४२ जणांचा कारखाना आहे. काही वर्षांपासून दिवाळीला सर्वांना एक पगार बोनस मिळतो. त्यांपैकी ३० जणांचा पगार सरासरी १८ हजार आणि १२ जणांचा सरासरी ३५ हजार. एकूण बोनस ९ लाख ६० हजार रुपये. यंदा मोठ्या ग्राहकाने जुलैपासून ऑर्डर निम्म्यावर आणली आणि जुनी बिले अडकली. मालकाने ठरवले, की ३० पात्र कामगारांना फक्त कायद्याने ठरलेला किमान बोनस द्यायचा. १४ हजार रुपये मासिक वेतन धरून हिशेब केला, तर तो माणशी सुमारे १४ हजार होतो, एकूण ४ लाख २० हजार. उरलेल्या १२ जणांना काहीच नाही.

इथे एक नव्हे, दोन वाईट बातम्या आहेत. तीस जणांना सुमारे चार हजार कमी मिळणार आणि बारा जणांचा अख्खा पगार जाणार. ‘यंदा बोनस नाही’ असे सरसकट म्हटले, तर तीस जणांना विनाकारण धक्का बसेल. ‘बोनस थोडा कमी आहे’ असे म्हटले, तर बारा जणांची फसवणूक होईल. म्हणून आकड्यांसह दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या.

केव्हा आणि कोणत्या क्रमाने सांगायचे?

निर्णय पक्का झाला, की लगेच. दिवाळीचा खर्च दिवाळीत सुरू होत नाही. गावी जाण्याची रेल्वे तिकिटे साठ दिवस आधी निघतात, फ्रिज किंवा दुचाकीचा हप्ता ठरलेला असतो, कोणी बोनसच्या भरवशावर उधार घेतलेले असते. जितके उशिरा कळेल तितके खर्च मागे घेणे अवघड. ‘एवढ्यात सांगितले तर लोकांचे कामात लक्ष लागणार नाही’ हे कारण नेहमी दिले जाते. पण हिशेब करणाऱ्या क्लार्कला, बँकेशी बोलणाऱ्याला आणि चहा देणाऱ्यालाही कुणकुण लागलेली असते. सुटीच्या आदल्या संध्याकाळी मात्र सांगू नये. भोसरी-चाकण पट्ट्यात अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात. तिथे बुधवारी सांगितले, तर पुढचा दिवस लोक फोनवर अंदाज बांधण्यात घालवतील आणि विचारायला समोर कोणी नसेल.

क्रम असा : एक तास आधी सुपरवायझरना सांगावे आणि संभाव्य प्रश्नांची उत्तरे द्यावीत, कारण नंतर लोक त्यांनाच गाठणार. मग त्याच दिवशी प्रत्येक पाळीला समोरासमोर सांगावे. ज्या बारा जणांना सर्वांत मोठा फटका आहे, त्यांना सर्वांसमोर पहिल्यांदा कळू नये. त्यांना त्याआधी वेगळे बसवून सांगावे. बैठक संपताच तेच मुद्दे, तेच आकडे सूचनाफलकावर लावावेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी संदेश टाकून नंतर बैठक घेणे हा सर्वांत वाईट क्रम.

पहिले वाक्य कोणते?

बातमीचेच. ‘तुम्ही सर्वांनी खूप मेहनत केली’, ‘बाजाराची परिस्थिती तर तुम्ही जाणताच’ अशी प्रस्तावना लांबली, की माणसे पुढचे ओळखतात आणि ऐकणे बंद करतात. आपल्या उदाहरणातील मालक कामगारांना असे सांगू शकतो : ‘यंदाचा बोनस नेहमीपेक्षा कमी आहे. एक पगार मिळायचा, त्याऐवजी कायद्याप्रमाणे सुमारे चौदा हजार मिळतील. ते दिवाळीच्या आठ दिवस आधी खात्यात जमा होतील. जुलैपासून आपल्या मोठ्या ग्राहकाची ऑर्डर निम्मी झाली आणि बिलेही अडकली आहेत. नेहमीचा बोनस दिला असता, तर डिसेंबरचा पगार वेळेवर देता आला नसता. हा निर्णय मी घेतला आहे. तुमच्या दिवाळीवर याचा परिणाम होणार, याचे मला वाईट वाटते. आता विचारा.’ मग थांबायचे.

यातील ‘मी घेतला’ हे महत्त्वाचे. ‘निर्णय घेण्यात आला आहे’ या वाक्यात माणूस दिसत नाही. टीम लीडरने ‘वरून आले आहे, माझ्या हातात काही नाही’ म्हणू नये. ‘निर्णय व्यवस्थापनाचा आहे, कारणे मी समजून घेतली आहेत, ती सांगतो’ म्हणावे. खेद एकदाच. सांगणाराच आपले दुःख आळवत बसला, तर समोरच्यांनाच त्याची समजूत काढावी लागते. ‘इतर कारखान्यांत पगारही झालेले नाहीत’ आणि ‘आपण एक कुटुंब आहोत’ ही वाक्ये टाळावीत. रद्द झालेल्या बोनसला ‘पुढे ढकलला’ म्हणणे तर खोटेच; लोक ती तारीख धरून बसतात.

अवघड प्रश्नांना काय उत्तर द्यायचे?

उत्तरे तीनच प्रकारची असतात : माहीत आहे ते, माहीत आहे पण सांगता येत नाही ते, आणि माहीत नाही ते. कोणते उत्तर कोणत्या प्रकारचे, हे उघड सांगावे.

‘पुढच्या वर्षी पूर्ण मिळेल?’ याला ‘नक्की’ म्हणण्याचा मोह आवरावा. ‘आज सांगता येत नाही. मार्चमध्ये ऑर्डर किती आहेत ते पाहून १० एप्रिलपर्यंत सांगेन’ हे उत्तर पुरेसे आहे, पण मग १० एप्रिलला बोलावेच लागते, सांगण्यासारखे काही नसले तरी.

‘कोणाला कामावरून काढणार का?’ निर्णय नसेल तर ‘आज तसा निर्णय नाही, झाला तर तुम्हाला आधी माझ्याकडून कळेल’. विचार चालू असताना ‘अजिबात नाही’ म्हणणे पुढे महागात पडते.

‘साहेबांचाही बोनस गेला का?’ हा प्रश्न येणारच. उत्तर ‘हो’ असेल तर ते बैठकीत आधीच सांगावे. ‘नाही’ असेल तर बैठकीपूर्वीच तो निर्णय बदलावा. त्याच महिन्यात मालकाची नवी गाडी गेटमधून आत आली, तर आकड्यांच्या तक्त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

‘मग उचल तरी मिळेल का?’ याची तयारी आधी असावी : किती रकमेपर्यंत, किती हप्त्यांत कापणार, अर्ज कोणाकडे. अडलेल्या माणसाला बैठकीतून नेण्यासारखे एवढेच असते.

बातमी नीट पोहोचली, हे कसे ओळखायचे?

बैठकीतील शांतता म्हणजे मान्यता नव्हे. प्रश्न समोर आले नाहीत, तर ते गेटबाहेरच्या टपरीवर विचारले जात आहेत असे समजावे. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला एवढेच विचारावे : लोक काय सांगत आहेत, आणि आकडा कोणता सांगत आहेत? आकडा चुकीचा फिरत असेल तर त्याच दिवशी पुन्हा सांगावे. पुढचे सहा-आठ आठवडे गैरहजेरी, ओव्हरटाइमला नकार आणि रिजेक्ट होणारा माल यांकडे लक्ष ठेवावे. राजीनामे लगेच येत नाहीत. बोनस खात्यात जमा झाल्यावर, दुसरी नोकरी हाती आली की येतात, आणि ज्यांना ती सहज मिळते ते कुशल कामगार आधी जातात. त्या बारा जणांशी महिन्याभरात एकेकट्याने पुन्हा बोलणे म्हणूनच गरजेचे आहे.