एसएसएलच्या पॅकेजमधली वॉरंटी नेमकी कोणासाठी?

समजा, कोल्हापूरच्या एका गूळ व्यापाऱ्याने वेबसाइट काढली. मुख्य पत्ता `example.in`, ऑनलाइन विक्रीसाठी `shop.example.in` आणि घाऊक ग्राहकांसाठी `orders.example.in`. होस्टिंगवाल्याने एसएसएल सर्टिफिकेटचे तीन प्लॅन पुढे ठेवले: एक फुकट, एक काही हजारांचा आणि एक त्याहून महाग, लाखो डॉलरच्या वॉरंटीसह. महाग तितकं सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे; पण ग्राहकाचा पासवर्ड किंवा कार्ड नंबर वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून होणारं एन्क्रिप्शन तिन्ही प्लॅनमध्ये सारखंच असतं. फरक पडतो तो सर्टिफिकेटवर कोणती नावं आहेत आणि ती देण्यापूर्वी काय तपासलं, यात.

आधी नावांचं पाहू. सिंगल डोमेन सर्टिफिकेट एका पत्त्यापुरतं असतं. `www` असलेलं रूप बहुधा त्यातच येतं. ते `shop.example.in` वर लावलं तर क्रोम पान उघडण्याआधीच थांबवतो आणि `NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID` असा इशारा दाखवतो. वाइल्डकार्डवर `*.example.in` असं लिहिलेलं असतं. त्या फुलीच्या जागी `shop` चालतं, `orders` चालतं, उद्या काढलेलं नवीन नावही चालतं. मात्र ही सोय एकाच पायरीची आहे. `pune.shop.example.in` त्यात बसत नाही. नुसतं `example.in` सुद्धा वेगळं नोंदवावं लागतं. बहुतेक कंपन्या ते नोंदवून देतात, तरी खात्री करून घ्यावी.

वाइल्डकार्डची एक जोखीमही आहे. तेच सर्टिफिकेट अनेक सर्व्हरवर वापरलं, तर त्याची गुप्त किल्लीही बहुधा सगळीकडे कॉपी होते आणि एका ठिकाणाहून फुटली की सगळेच पत्ते धोक्यात येतात. आपल्या व्यापाऱ्याची नावं मोजकी आणि ठरलेली आहेत. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था एका मोफत सर्टिफिकेटवर शंभरपर्यंत नावं घालू देते. त्याला वाइल्डकार्डची गरजच नाही. ज्यांच्याकडे दर ग्राहकामागे नवा सबडोमेन निघतो, त्यांना मात्र ते सोयीचं पडतं.

तपासणीचे तीन स्तर आहेत. डीव्हीमध्ये डोमेन तुमच्या ताब्यात आहे एवढंच पाहतात आणि काम काही मिनिटांत होतं. ओव्हीमध्ये संस्थेची नोंदणी तपासतात. ईव्हीमध्ये कायदेशीर अस्तित्व, पत्ता, अर्ज करणाऱ्याचा अधिकार हे सगळं अधिक काटेकोरपणे पाहतात. ईव्ही वाइल्डकार्ड स्वरूपात मिळतही नाही. पूर्वी ईव्ही घेतलं की अ‍ॅड्रेस बारमध्ये कंपनीचं नाव झळकायचं. 2019 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते काढून टाकलं. आता ग्राहकाने मुद्दाम क्लिक करून सर्टिफिकेट उघडलं, तरच हा फरक दिसतो.

आता वॉरंटी. साइट हॅक झाली, डेटा चोरीला गेला, धंदा बुडाला, तर त्यातून साइटच्या मालकाला काही मिळत नाही. ही हमी मुख्यतः साइटवर येणाऱ्या ग्राहकासाठी असते. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीने तपासणीत चूक करून ते भलत्याच माणसाला दिलं आणि त्यावर विसंबून ग्राहकाचे पैसे गेले, तरच दावा करता येतो. त्यातही दर व्यवहाराला मर्यादा, पुराव्याची अट आणि दाव्याची मुदत असते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा सगळ्या दाव्यांची मिळून कमाल मर्यादा असतो. चोराने मिळत्याजुळत्या नावाचा स्वतःचा डोमेन घेऊन त्यावर रीतसर डीव्ही सर्टिफिकेट लावलं, तर सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीची चूकच होत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बनावट साइट याच प्रकारच्या असतात.

कंपनीची चूक उघड असतानाही काय होतं, हे 2011 मध्ये दिसलं. नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीत हॅकर घुसले आणि त्यांनी पाचशेहून अधिक खोटी सर्टिफिकेट काढली. त्यात `*.google.com` चं वाइल्डकार्ड होतं. ते वापरून इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवली गेली. त्यांची खासगी पत्रं उघडी पडली. कार्डावरचे पैसे गेले नव्हते, त्यामुळे वॉरंटीच्या नेहमीच्या कलमांत हे नुकसान बसणारं नव्हतं. ब्राउझरनी डिजिनोटारवरचा विश्वास काढून घेतला आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

म्हणून लहान व्यावसायिकाने वॉरंटीचा आकडा पाहून प्लॅन निवडू नये. आपले पत्ते कागदावर लिहावेत, मोफत डीव्ही घ्यावं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करून घ्यावी. सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत 2029 च्या मार्चपासून 47 दिवसांवर येणार आहे; तेव्हा हाताने नूतनीकरण करणाऱ्यांच्या साइट वारंवार बंद पडतील. ओव्ही किंवा ईव्ही बँकेने, सरकारी टेंडरने किंवा मोठ्या ग्राहकाने लेखी मागितलं, तरच घ्यावं.