तिरपी भेग आणि पुट्टी

यवतमाळच्या काळ्या मातीवरच्या घरमालकाला साइट इंजिनिअर ‘बीम मजबूत करा’ असे लिहितो, तेव्हा ‘पुट्टी भरा की!’ हे उत्तर ठरलेलेच. म्हणून पत्रात आधी भेगेची दिशा सांगावी. बीमच्या मध्यावरची केसाएवढी उभी भेग बहुधा निरुपद्रवी असते. काँक्रीट ताणाने तडकतेच, तो ताण सळ्या पेलतात, आणि आयएस ४५६ साधारणपणे ०.३ मिलिमीटर रुंदी चालवून घेते. खांबाजवळून तिरपी चढणारी भेग मात्र बहुधा रिंगा कमी पडल्याची खूण, आणि असा बीम फारशी सूचना न देता तुटू शकतो. पुट्टी रिंगांचे काम करत नाही. आधी टेकू, मग नव्या रिंगांसह काँक्रीटचे जॅकेट. ‘वर्षभर काही झाले नाही’ म्हणणाऱ्याने भेगेवर काचपट्टी चिकटवावी. ती तडकली तर पायाखालची फुगणारी-आकसणारी मातीही तपासावी लागेल. नाही तडकली, तरी रिंगांची उणीव उरतेच.