दात ठणठणीत, तरी गालात कळ

डिसेंबर १६७७. पॅरिसमधले इंग्लंडचे राजदूत राल्फ मॉन्टेग्यू यांच्या पत्नीच्या चेहऱ्यात एका बाजूला एकाएकी जीवघेण्या कळा येऊ लागल्या. तपासायला आले जॉन लॉक. ते पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगाला माहीत झाले, पण शिकलेले वैद्य होते. कळ क्षणात येते, चेहरा वेडावाकडा करून सोडते आणि क्षणात जाते, असं त्यांनी आपल्या डॉक्टर मित्राला पत्रातून कळवलं. लॉक पोचण्याआधीच बाईंचे दात काढून झाले होते आणि दुखणं जिथल्या तिथे होतं. त्यानंतर साडेतीनशे वर्षांत भूल आली, एक्स-रे आला, तरी चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार दाढेच्या बाबतीत आजही घडतो.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ, बहुतेक दंतवैद्यांना ते ओळखीचं वाटेल. साताऱ्याकडच्या एका ५८ वर्षांच्या काकू. उजव्या खालच्या दाढेतून करंट बसल्यासारखी सणक जाते. दात घासताना जाते, भाकरीचा पहिला घास चावताना जाते, एसटीत खिडकीतून वारा लागला तरी जाते. टिकते पाच-दहा सेकंद, पण दिवसातून वीस-पंचवीस वेळा. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काकू, नेमकी कोणती दाढ?’ काकूंनी बोट ठेवलं. डॉक्टरांनी दाढ ठोकून पाहिली, तिला थंडगार कापूस लावला, काडी चावायला दिली, एक्स-रे काढला. कीड नाही, मुळाशी पू नाही, हिरडी घट्ट. शेवटचा पुरावा म्हणून दाढेजवळ भुलीचं इंजेक्शन दिलं, आणि कळ थांबली! मग दाढच दोषी, असं ठरवून रूट कॅनल झालं.

घोटाळा इथेच झाला. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असलं, तर गालावर, ओठापाशी किंवा हिरडीवर काही विशिष्ट जागा अशा असतात की तिथे हलकासा स्पर्श झाला तरी कळ सुटते. भुलीने ती जागा बधिर केली की स्पर्शाची खबरच पुढे जात नाही आणि दुखणं तात्पुरतं थांबतं. त्यातून दाढ दोषी आहे असं मुळीच सिद्ध होत नाही. महिन्याभराने काकूंची कळ परतली आणि त्यांनी शेजारच्या दाढेवर बोट ठेवलं. या वेळी दाढ काढली आणि चार महिने अगदी बरं वाटलं. तो दुसरा चकवा. हे दुखणं मुळातच पाळ्यांनी येतं. काही आठवडे जोर, मग काही महिने, कधी वर्षभर पूर्ण शांतता. दाढ नेमकी शांततेच्या तोंडावर निघाली आणि सगळं श्रेय तिच्या निघण्याला गेलं.

या दुखण्याला ट्रायजेमिनल न्युराल्जिया म्हणतात. ट्रायजेमिनल ही चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूची संवेदना मेंदूकडे नेणारी नस. तिच्या तीन फांद्या आहेत. एक कपाळाकडे आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, नाकाची बाजू आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालचा जबडा, हनुवटी आणि खालच्या दातांकडे. कळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या फांदीत येते, म्हणजे दातांच्याच वाटेवर. नस मेंदूच्या खोडाला मिळते त्या ठिकाणी अनेकदा एक लहानशी धमनी तिला चिकटून धडधडत असते. वर्षानुवर्षांच्या त्या दाबाने नसेवरचं आवरण विरतं आणि वायरीचं रबर उडाल्यावर दोन तारा एकमेकींना लागाव्यात तसे स्पर्शाचे संदेश दुखण्याच्या तंतूंत उडी मारतात. बिघाड कवटीच्या आत असतो, पण मेंदूला खबर मिळते ती ‘दाढेतून आली’ अशी. म्हणून काकूंचं बोट खोटं नव्हतं, ते फक्त फांदीच्या टोकावर होतं.

मग ओळखायचं कसं? एक्स-रेपेक्षा घड्याळ जास्त सांगतं. किडलेल्या किंवा सुजलेल्या दाढेचा ठणका सुरू झाला की तासन् तास चालतो, रात्री झोपू देत नाही, गरम-थंड लागलं की वाढतो आणि नंतर बराच वेळ रेंगाळतो. नसेची कळ क्षणापासून फार तर दोन मिनिटांपर्यंत असते, कधी कळांची माळच लागते, आणि दोन कळांच्या मध्ये बहुतेकांना काहीच दुखत नाही. झोपेतून ती क्वचितच उठवते. चेहरा धुणं, दाढी करणं, बोलणं अशा साध्या गोष्टींनी ती सुटते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना ती दाद देत नाही. हे दुखणं पन्नाशीनंतर जास्त आणि बायकांत थोडं अधिक दिसतं. अनेक रोगी तपासताना डॉक्टरांचा हात गालाजवळ आला की डोकं मागे घेतात. एक बाजू धुतलेली आणि एक न धुतलेली, असा चेहरा घेऊन आलेला माणूस तर जाणत्या डॉक्टरला अर्धं निदान दारातच देऊन जातो.

काकूंची तिसरी कळ वरच्या जबड्यात गेली तेव्हा दुसऱ्या एका दंतवैद्याने दाढेला हात न लावता त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे एमआरआय झाला. तो करायचा मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी, कारण नसेवर गाठ असली किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असला तरी अशीच कळ येते. रोगी चाळिशीच्या आतला असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा त्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर ही शंका जास्त घ्यावी लागते. नसेला चिकटलेली धमनी मात्र काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सापडते. तेव्हा निदान ठरतं ते रोग्याच्या सांगण्यावरून, फोटोवरून नव्हे.

औषध म्हणून कार्बामाझेपिन सुरू झालं, जे फेफऱ्यावरही देतात. सुरुवात १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, मग हळूहळू वाढवत. तिसऱ्या दिवशी काकूंच्या कळा निम्म्यावर आल्या. हा प्रतिसादही निदानाला दुजोरा देतो. पण औषध गरीब नाही. पहिल्या आठवड्यात काकूंना गरगरायला लागलं, चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा मात्रा वाढवण्याचा वेग कमी करावा लागला. रक्तातलं सोडियम घसरू शकतं, म्हणून रक्ततपासणी ठरलेली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, कारण क्वचित ही प्रतिक्रिया जिवावर बेतते. गोळी मनाने एकदम बंदही करायची नाही.

गोळ्या पुरेनाशा झाल्या किंवा सोसेनात, तर शस्त्रक्रिया आहे. कानामागून कवटीला छोटं भोक पाडून धमनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. अमेरिकेतल्या पीटर जॅनेटा या शल्यविशारदाने १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली ही पद्धत रूढ केली. दहा वर्षांनंतरही साधारण दहातल्या सात रोग्यांना दुखणं नसतं. ज्यांना एवढं मोठं ऑपरेशन झेपणार नाही, त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नस अंशतः निकामी करणं किंवा किरणोपचार असे मार्ग आहेत. त्यात काहींच्या गालाला बधिरपणा राहतो.

मात्र निरोगी दात असून एका बाजूचा जबडा दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा आजार नसतो. कितीतरी अधिक वेळा भानगड असते ती जबड्याच्या सांध्याची आणि चावण्याच्या स्नायूंची. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडा, सरकणारा सांधा हाताला लागेल. इथलं दुखणं सणकेचं नसतं, बोथट असतं. तासभर, दिवसभर कुरकुरतं. रात्री दात खाण्याची सवय असेल तर सकाळी जास्त, नाहीतर जेवणानंतर जास्त. कानात दुखतंय असं वाटून लोक आधी कानाच्या डॉक्टरकडे जातात आणि कान स्वच्छ निघतो. गालाच्या जाड स्नायूवर अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबून धरलं आणि ‘हीच ती, दाढेतली’ असं रोग्याच्या तोंडून आलं, तर दुखणं स्नायूतून दाढेत उमटतंय हे कळतं.

तोंड उघडताना नुसतं ‘कट्’ वाजत असेल आणि दुखत नसेल, तर काहीच करायचं नाही. सांध्यातली चकती थोडी पुढे सरकते आणि परत बसते, एवढंच. पण वाजणं अचानक थांबलं आणि एरवी आपली तीन बोटं आडवी जातील एवढं उघडणारं तोंड दोनच बोटं उघडू लागलं, तर चकती अडकली असावी, दाखवायला हवं. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तर ते वेगळं प्रकरण. तिथे सांधा नव्हे, गालाच्या आतली त्वचा कडक होत असते आणि ती कर्करोगाची पूर्वपायरी ठरू शकते.

सांध्याच्या दुखण्याला बहुधा साधे उपाय पुरतात. काही आठवडे मऊ खाणं, चणे-ऊस-च्युइंगगम बंद, दिवसातून दोनदा गरम शेक, जांभई येताना हनुवटीला हात. खाणं-गिळणं सोडून एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. कामाच्या नादात ते किती वेळ दाबलेले राहतात हे स्वतःला पकडल्यावरच कळतं. दात खाणाऱ्यांना रात्री लावायची प्लेट देतात. चावा जुळवण्यासाठी चांगले दात घासून कमी करायला मात्र घाईने होकार देऊ नये, घासलेला दात परत वाढत नाही.

दोन प्रसंगी वाट पाहून चालत नाही. चढ चढताना किंवा घाईने चालताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, विशेषतः छातीत दडपण किंवा घाम असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. आणि पन्नाशीपुढच्या माणसाचा जबडा दोन-चार मिनिटं चावल्यावर भरून येत असेल, कानशिलाला केस विंचरतानाही दुखत असेल, तर कानशिलाच्या धमनीला सूज आलेली असू शकते. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून रक्ताचे सगळे अहवाल यायची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात.

एक गुंता मात्र नसेच्या रोग्यांना पुढेही भेटतो. कळ सुटेल या भीतीने ते त्या बाजूला ब्रश फिरवत नाहीत आणि वर्षभरात तिथे खरीखुरी कीड लागते. मग एकाच जबड्यात दोन दुखणी नांदतात. म्हणून दातांची सफाई आणि भरणं शांततेच्या महिन्यांतच उरकून घ्यावं. गोळ्या चालू असतील, तर दंतवैद्याला नावासकट सांगावं, कारण कार्बामाझेपिनबरोबर काही प्रतिजैविकं चालत नाहीत; क्लॅरिथ्रोमायसिनने तर त्याचं रक्तातलं प्रमाण एकदम चढतं.