दारू पिणाऱ्याचं ताट तसंच का राहतं?

उमरगा तालुक्यातल्या कितीतरी घरांत रात्री भाकरी-कालवण झाकून ठेवलं जातं आणि सकाळी ते तसंच सापडतं. घरच्यांना वाटतं, हा हट्ट आहे, नाहीतर अन्नावरचा राग. बहुतेक वेळा त्या माणसाला खरोखरच भूक लागलेली नसते.

"दारूने भूक खुलते"

पहिल्या पेल्यापुरतं हे खरं आहे, म्हणून तर चकण्याची बशी रिकामी होते. रोज भरपूर पिणाऱ्याचं मात्र उलटं होतं. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 42.8 टक्के अल्कोहोल धरलं, तर ते सुमारे 60 ग्रॅम भरतं. एका ग्रॅममागे 7 कॅलरी, म्हणजे एका क्वार्टरच्या सव्वाचारशे आणि दोन क्वार्टरच्या साडेआठशे. शंभर ग्रॅम पिठाची एक, अशा अडीच भाकऱ्यांएवढी ही ऊर्जा झाली. मग भूक कशी लागणार? पण त्या साडेआठशे कॅलरींत प्रथिनं शून्य, जस्त आणि मॅग्नेशियमही नावालाच. त्यात जठराचं अस्तर सुजलेलं असतं, त्यामुळे सकाळी मळमळ आणि कोरडे उमासे येतात, आणि न्याहारीही बुडते.

समजा, साठ किलो वजनाचा एक माणूस रोज दोन क्वार्टर पितो. दिवसभरात दोन कप दुधाचा चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि थोडी भाजी, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. सगळं मिळून प्रथिनं जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम होतात. निरोगी असता तरी त्याला पन्नासच्या आसपास लागली असती. उरलेली गरज शरीर स्वतःच्या स्नायूंतून भागवतं.

"पोट सुटलंय, म्हणजे अंगात आहे"

पोट पाहू नका, दंड आणि मांड्या पाहा. दंड काटकुळे आणि पोट मोठं असेल, तर पोटात चरबी असेल किंवा यकृत बिघडल्यामुळे साठलेलं पाणीही असेल. वजनकाट्याला यातला फरक कळत नाही.

"तोंडाला चव नाही, कालवणच अळणी असेल"

चव कळण्यासाठी जस्त लागतं. दारूमुळे ते लघवीतून जास्त बाहेर जातं आणि आतड्यात कमी शोषलं जातं. आपल्या ज्वारी-डाळींत जस्त असतं, पण त्यातलं फायटेट ते बांधून ठेवतं. मोड आणले किंवा आंबवलं, की ही पकड सैल होते. अंडी आणि मटणातलं जस्त अंगी जास्त लागतं. जस्त घटलं की घास बेचव लागतो, बेचव म्हणून माणूस आणखी कमी खातो आणि जस्त आणखी घटतं. भूक मरण्याचं हे चक्र दारूने सुरू होतं, पण पुढे कमतरताच ते फिरवत ठेवते. जखम लवकर न भरणं हीसुद्धा याची खूण. संध्याकाळी अंधुक दिसणं ही आणखी एक, कारण डोळ्यात 'अ' जीवनसत्त्व वापरात आणणाऱ्या विकराला जस्त हवं असतं.

"रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे, मग काही कमी नाही"

मॅग्नेशियमच्या बाबतीत हा रिपोर्ट फसवतो. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं. बाकीचं हाडांत, स्नायूंत आणि पेशींत असतं. त्यामुळे साठा आटत आला तरी रक्तातला आकडा ठीक दिसू शकतो. दारूमुळे मूत्रपिंडाकडून मॅग्नेशियम लघवीत सुटत राहतं, उलट्या-जुलाबांतूनही जातं. मग रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, हात थरथरतात, छातीत धडधडतं. पोटॅशियम देऊनही ते वाढत नसेल, तर डॉक्टर आधी मॅग्नेशियमकडे पाहतात, कारण ते भरून निघाल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही.

हाताची थरथर दारू उतरल्यामुळेही होते. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

"ताकदीची सलाईन लावली की झालं"

साध्या ग्लुकोजच्या सलाईनमध्ये प्रथिनंही नाहीत, जस्तही नाही. उलट, ग्लुकोज वापरताना शरीराला थायमिन म्हणजे 'ब1' लागतं आणि अशा माणसात तेच कमी असतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. त्या थायमिनला काम करायलाही मॅग्नेशियम लागतं. त्यामुळे सलाईन लावण्याआधी 'हा रोज पितो' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजेपोटी हेच लपवलं जातं.

"लिव्हर खराब झालं, आता डाळ-अंडी बंद"

सगळ्यात जास्त नुकसान हा समज करतो. जुना सल्ला तसा होता. आता दारूने यकृत बिघडलेल्या रुग्णाला किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. आपल्या साठ किलोच्या माणसाला ती 72 ते 90 ग्रॅम होतात. भ्रम किंवा गुंगी असेल तर आहार डॉक्टरांनी ठरवावा, पण प्रथिनं सरसकट तोडू नयेत. खूप दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी भरल्या ताटावर बसवू नका. अचानक भरपूर खाण्याने रक्तातले क्षार ढासळतात. दर दोन-तीन तासांनी वाटीभर मऊ खिचडी, मोड आलेल्या मटकीचं कढण, दही किंवा उकडलेलं अंडं द्यावं. झोपताना दूध-पोहे जरूर द्यावेत, कारण खराब यकृतात साखरेचा साठा फारसा टिकत नाही आणि रात्रीच्या लांब उपासात शरीर पुन्हा स्नायूच मोडायला घेतं.