कमी केलेले वजन किती टक्के परत आले, हे कसे मोजावे?

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्या एका ४६ वर्षांच्या गृहस्थांचे उदाहरण घेऊ. माल पहाटे उतरतो, त्यामुळे झोप अपुरी. चहा आणि वडापाव यांवर सकाळ निघते आणि पहिले नीट जेवण दुपारी. मधुमेहाचे निदान झाल्यावर त्यांनी वर्षभरात वजन ९६ किलोवरून ८४ किलोवर आणले. पुढच्या वर्षी काटा ८८ दाखवू लागला. "डॉक्टर, सगळी मेहनत वाया गेली," असे म्हणत असे रुग्ण आमच्याकडे येतात.

खरोखर वाया गेली का? साठवलेल्या कांद्याची घट सांगताना कोणताही व्यापारी आधी विचारतो, "टक्के खरे, पण कोणत्या वजनाचे?" इथेही तोच प्रश्न आहे.

पहिला हिशेब असा. त्यांनी १२ किलो कमी केले, त्यातले ४ किलो परत आले. चार भागिले बारा, म्हणजे कमी केलेल्या वजनापैकी ३३ टक्के परत आले. दुसरा हिशेब मूळ वजनाशी करायचा. ९६ च्या तुलनेत ते आजही ८ किलोंनी, म्हणजे ८.३ टक्क्यांनी हलके आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिला एकटाच पाहिला तर फसगत होते. कुणी ४ किलो कमी करून २ परत मिळवले, तर त्याचे ५० टक्के परत आले असे म्हणावे लागते, आणि प्रत्यक्षात वाढ असते फक्त २ किलोंची. एवढा फरक कधी कधी जेवण, पाणी आणि कपड्यांनीही पडतो.

मग वजन यशस्वीपणे टिकले असे कधी म्हणायचे? संशोधनात सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या अमेरिकेतील रीना विंग आणि जेम्स हिल यांची आहे. ठरवून मूळ वजनाच्या किमान १० टक्के वजन कमी करणे आणि ते किमान एक वर्ष तसेच ठेवणे, अशी ती आहे. आपल्या गृहस्थांसाठी ही रेषा ८६.४ किलोवर येते, म्हणजे ते दीड किलोच्या आसपास वर आहेत. दुसरी पद्धत सांगते की टिकवण्याच्या काळात वजन ३ टक्क्यांहून जास्त बदलू नये. ८४ चे ३ टक्के अडीच किलो, म्हणून मर्यादा साधारण ८६.५. दोन्ही कसोट्यांवर ते थोडक्यात बाहेर आहेत. पण मूळ वजनापेक्षा ५ टक्के घट टिकली तरी साखर आणि रक्तदाबाला फायदा मिळू शकतो. त्यांच्यासाठी ती रेषा ९१.२ किलो आहे आणि ते अजून तिच्या बरेच खाली आहेत. म्हणून माझ्या मते 'सगळे वाया गेले' हे साफ चूक आहे. मात्र ८८ चे ९१ होईपर्यंत थांबणेही चूकच.

वजन परत येण्याला केवळ आळस कारणीभूत नसतो. हलके झालेले शरीर कमी ऊर्जा खर्च करते. भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याची सूचना देणारे लेप्टिन घटते, आणि हा बदल वजन घटल्यानंतर वर्षभरानेही दिसतो. २००१ साली अमेरिकेतील २९ अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा पाच वर्षांनी लोकांनी कमी केलेल्या वजनापैकी सरासरी एक चतुर्थांशाहून थोडे कमीच टिकलेले आढळले. औषधांचेही तसेच आहे. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणून हे औषध स्वतःहून बंद करू नका. कधी आणि कसे थांबवायचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

हिशेब बरोबर यायचा तर सुरुवातीचा आकडा बरोबर हवा. टायफॉइडनंतर उतरलेले वजन 'सर्वांत कमी' म्हणून धरले, तर नंतरची नैसर्गिक भरपाईही वाढ वाटते. त्यासाठी तब्येत ठीक असताना, सकाळी शौचानंतर, काही न खाता, एकाच काट्यावर वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी लिहून ठेवा. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर घ्या. पहाटे गाळ्यावरच्या आणि संध्याकाळी घरच्या काट्यावरच्या आकड्यांची तुलना करू नका.

सरासरी सलग दोन-तीन आठवडे २ किलोंनी वर राहिली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरील औषधे, इन्सुलिन किंवा थायरॉइडचा त्रास यांमुळेही वजन वाढते. काही दिवसांतच २ किलो वाढले, पाय सुजले आणि धाप लागू लागली, तर ती चरबी नसून शरीरात साठलेले पाणी असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठा.