नर्सिंगचा प्रबंध : शब्द बदलले म्हणजे चोरी टळते का?

नर्सिंगच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रबंध परत येण्याचे ठिकाण बहुतेक वेळा ठरलेले असते : ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ हे प्रकरण. आकडे स्वतःचे असतात, प्रश्नावली स्वतः भरून घेतलेली असते. पण आधीच्या संशोधनाचा आढावा घेताना वाक्ये उचलली जातात. चोरीचा हेतू असतोच असे नाही. इंग्रजीत स्वतःचे वाक्य लिहिण्याची धास्ती हे कारण अनेकदा जास्त खरे असते.

एक उदाहरण

विषय आहे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांमधील बेडसोर. प्रबंध इंग्रजीत असतो. इथे सोयीसाठी एक काल्पनिक वाक्य मराठीत पाहू. मूळ लेखात असे आहे : ‘दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या रुग्णांच्या त्वचेवर सतत दाब पडल्याने तेथील रक्तपुरवठा कमी होतो आणि ओलाव्यामुळे त्वचेची सहनशक्ती घटून जखमेचा धोका वाढतो.’

विद्यार्थी लिहितो : ‘बराच काळ बिछान्यावर असणाऱ्या रुग्णांच्या कातडीवर कायम भार आल्याने तिथला रक्तप्रवाह घटतो आणि दमटपणामुळे कातडीची ताकद कमी होऊन इजेची शक्यता वाढते.’ जवळपास प्रत्येक शब्द बदलला, पण सांगाडा तोच राहिला. खाली संदर्भ क्रमांक दिला तरी हे पॅराफ्रेझिंग नव्हे, कारण वाक्याची मांडणी दुसऱ्याचीच आहे.

योग्य पद्धत वेगळी आहे. मूळ लेख वाचून बंद करायचा. वहीत दोन-तीन शब्दांचे मुद्दे काढायचे : दाब, रक्तपुरवठा, ओलावा. मग हे मुद्दे आपल्या अभ्यासाशी कसे जोडले जातात ते लिहायचे. उदाहरणार्थ : ‘बेडसोरला एकटा दाब कारणीभूत नसतो, ओली त्वचा तोच दाब कमी सहन करते (४). त्यामुळे या अभ्यासात कूस बदलण्याच्या वेळेसोबत चादर ओली होती का, याचीही नोंद घेतली.’ शेवटी मूळ लेख उघडून अर्थ बदलला नाही ना, हे ताडून पाहायचे.

शब्द आपोआप बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवणे तर आणखी धोक्याचे. अशा लेखांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बोझम पेरिल’ झाल्याचे नमुने २०२१ मध्ये संशोधकांनी उघड केले. वैद्यकीय संज्ञा बदलायच्या नसतात. ‘हायपरटेन्शन’ला दुसरा शब्द शोधत बसण्याची गरज नाही.

न वाचलेला संदर्भ

दुसरी सवय अधिक रुजलेली आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातला जुना प्रबंध उघडायचा आणि त्यातला परिच्छेद संदर्भांसह उतरवून घ्यायचा. मूळ लेख पाहिलेलाच नसतो. गाईडला हे लगेच कळते : वर्ष किंवा पानाचा आकडा जुन्या प्रबंधात चुकला असेल, तर नव्यातही तोच चुकतो. मध्येच स्पेलिंग ब्रिटिशचे अमेरिकन होते. मजकुरात क्रमांक १७ असतो, सूची मात्र १५ वर संपते. वैद्यकीय लेखनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने प्रथम येतो, तोच त्याचा क्रमांक असतो आणि पुढे प्रत्येक वेळी तोच वापरायचा असतो. त्यामुळे शेवटी एखादा परिच्छेद घुसवला की पुढचे सगळे आकडे सरकतात. झोटेरो, मेंडेलीसारखी साधने हे काम आपोआप करतात.

मापनपट्टीचेही तसेच. बेडसोरचा धोका मोजणारी ब्रेडन स्केल १९८७ मध्ये ‘नर्सिंग रिसर्च’ या नियतकालिकात मांडली गेली. तिचे सहा घटक आहेत, गुण ६ ते २३, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. ती परिशिष्टात जोडताना मूळ लेखाचा संदर्भ द्यावा लागतोच, शिवाय अशा स्वामित्वहक्क असलेल्या साधनांसाठी परवानगीचे पत्रही लागते. संदर्भ दिला म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही.

१० टक्क्यांचा गैरसमज

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका यांची मोजणी यात होत नाही.

पण हा आकडा साम्याचा आहे, प्रामाणिकपणाचा नव्हे. ८ टक्के अहवालात ते आठही टक्के एकाच लेखातून श्रेयाविना उचललेले असू शकतात. उलट संशोधन पद्धतीच्या प्रकरणात ठरावीक वाक्यरचना निर्दोष असूनही रंगवलेल्या दिसतात. म्हणून अहवाल हाती आला की आधी पाहायचे ते एकाच स्रोतातून सलग रंगलेल्या ओळींकडे. एकूण टक्केवारी त्यानंतर.