आवाज आला, पण स्वरतंतू हलला का?



कान-नाक-घशाच्या डॉक्टरने साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर काय बोलावे, असा प्रश्न निमंत्रण आल्यावर मला पडला होता. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जण आवाजावर जगतात. कोणी शिक्षक आहेत, कोणी कीर्तन करतात, कोणी हौशी नाटकात उभे राहतात. आणि थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेली एखादी मावशी किंवा आत्या तर बहुतेक घरांत असतेच. म्हणून आज एकाच तक्रारीबद्दल बोलतो. मानेची शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, पण आवाज पोकळ झाला आणि पाणी पिताना ठसका लागू लागला. अशा वेळी नेमके काय झालेले असते, आणि ते शोधायचे कसे?

त्यासाठी एका शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. अनेक रुग्णांच्या अनुभवावरून ते बेतले आहे. वय सेहेचाळीस, इंदूरच्या एका शाळेत पाचवी-सहावीला मराठी आणि हिंदी शिकवणाऱ्या. थायरॉइडच्या डाव्या बाजूला गाठ होती. सुईने काढलेल्या तपासणीत तिचा स्वभाव नक्की कळेना, म्हणून शल्यविशारदांनी डावा अर्धा भाग काढला. संध्याकाळी शुद्धीवर आल्या तेव्हा बोलताना शब्दांपेक्षा हवाच जास्त बाहेर येत होती. “घशात नळी घातली होती, त्याने बसला असेल, चार दिवसांत सुटेल,” असे त्यांना सांगण्यात आले. हे पुष्कळदा खरेही असते. नळीने आलेली सूज बहुधा काही दिवसांत उतरते आणि आवाज रोज थोडा थोडा सुधारतो. बाईंचा आवाज मात्र बारा दिवसांनीही तसाच होता. एक वाक्य पुरे करायला दोनदा श्वास घ्यावा लागे. पोळी-भाजी नीट उतरत होती, पण चहाचा पहिलाच घोट घेतला की ठसका.

या दोन तक्रारी एकत्र का येतात, ते आधी पाहू. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते दाराच्या दोन फळ्यांसारखे उघडतात आणि बोलताना मध्ये येऊन एकमेकांना टेकतात. खालून येणारी हवा त्यांच्यातून जाताना ते थरथरतात, आणि तोच आपला आवाज. पण ही दोन कवाडे मुळात आवाजासाठी नाहीत, ती श्वासनलिकेच्या रक्षणासाठी आहेत. गिळताना ती घट्ट मिटतात. एक कवाड उघड्या जागी थिजले तर फट राहते. बोलताना त्या फटीतून हवा वाया जाते आणि गिळताना तिच्यातूनच थेंब आत उतरतो. घास जाडसर असतो, सावकाश सरकतो, तोवर बाकीचे स्नायू त्याला वाट दाखवतात. पाणी आणि चहा झपाट्याने धावतात, म्हणून ठसका त्यांनाच आधी लागतो. शिवाय जोरात खोकायलाही तंतू आधी मिटावे लागतात. त्यामुळे अशा माणसाचा खोकलाही पोकळ, बिनजोराचा असतो.

कवाड थिजते ते त्याच्या नसेमुळे. या नसेचा प्रवास मोठा विचित्र आहे. मेंदूकडून ती मानेतून थेट स्वरयंत्रात शिरत नाही. डावीकडची नस छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. उजवीकडची गळ्याच्या बुडाशी, हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते. म्हणून तिला परावर्ती, म्हणजे उलट फिरणारी नस म्हणतात. ही नस तोडली की किंचाळणारे डुक्कर गप्प होते, हे दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने लोकांसमोर करून दाखवले होते. वर येताना ती थायरॉइडच्या अगदी पाठीमागून जाते आणि जाडीला जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते. ती कापली जाणे क्वचितच घडते. बहुधा ग्रंथी उचलताना ती ताणली जाते, किंवा रक्तस्राव थांबवताना लागणाऱ्या उष्णतेने भाजते. ताणलेली नस काही आठवड्यांपासून काही महिन्यांत सावरू शकते. कापलेली आपोआप पूर्ववत होत नाही.

आता तपासणी. पहिली तपासणी उपकरणाशिवाय होते. बाईंना खोल श्वास घेऊन एका दमात ‘आ’ लांबवायला सांगितले. तीनदा करून सगळ्यात लांबलेला मोजायचा. निरोगी प्रौढ माणूस साधारण पंधरा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकतो, आणि दहाच्या खाली आले की संशय घ्यावा. बाईंचा ‘आ’ सहा सेकंदांत संपला. पण दोष फुप्फुसांचाही असू शकतो. म्हणून दोन आवाज ताडून पाहतात. एक ‘स्’, साप फुत्कारतो तसा. त्यात तंतूंचे काम नाही. दुसरा ‘झ्’, भुंगा गुणगुणतो तसा. त्यात तंतू थरथरतात. फुप्फुसे दोन्हींना तीच, म्हणून दोन्ही जवळजवळ सारखेच टिकायला हवेत. बाईंचा ‘स्’ सतरा सेकंद टिकला आणि ‘झ्’ सात. भागाकार सुमारे 2.4. तो 1.4 च्या वर गेला की गळती बहुधा तंतूंच्या पातळीवर आहे असे धरतात. पण यावरून गळती कळते, कारण कळत नाही.

कारणासाठी आत पाहावेच लागते. नाक बधिर करून तीन-चार मिलिमीटरची लवचीक दुर्बीण नाकातून घशात सोडतात. काम पाच-दहा मिनिटांचे असते आणि रुग्ण जागा असतो, बोलत असतो. त्याला आळीपाळीने ‘ई’ म्हणायला आणि मग फूल हुंगल्यासारखा नाकाने श्वास ओढायला सांगतात. ‘ई’ला दोन्ही तंतू मध्ये यायला हवेत आणि हुंगताना दूर जायला हवेत. बाईंचा उजवा तंतू दोन्ही कामे करत होता. डावा मध्यापासून थोडा बाजूला, जागचा हलत नव्हता. त्याच वेळी रंगीत पाण्याचे लहान घोट देऊन गिळणेही पाहिले. थोडे पाणी तंतूंपर्यंत उतरले, पण लगेच ठसका लागून बाहेर फेकले गेले. ही जमेची बाजू होती. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच कमी झालेली असते. त्यांच्यात पाणी आत जाते आणि ठसका लागतच नाही. म्हणून ‘ठसका नाही, म्हणजे ठीक आहे’ असे घरी ठरवू नये. जेवणानंतर आवाज ओला, गुरगुरता होणे, किंवा वारंवार ताप आणि छातीत कफ होणे, हेही तितकेच महत्त्वाचे. बाईंना घोट लहान घ्यायला, पिताना हनुवटी छातीकडे झुकवायला आणि गरज वाटल्यास मान दुबळ्या, म्हणजे डाव्या बाजूला वळवायला शिकवले. कोणती युक्ती कोणाला लागू पडते, हे दुर्बिणीतून पाहूनच ठरवायचे असते.

याच दरम्यान काढलेल्या गाठीचा अहवाल आला. गाठ कर्करोगाची होती, आणि उजवा अर्धा भागही काढावा असे ठरले. सहा आठवड्यांनी बाई आल्या तेव्हा घरचे खुशीत होते. आवाज बराच भरला होता, ‘आ’ अकरा सेकंद टिकत होता, ठसका कधीमधीच लागे. “आवाज तर आला, आता उरलेले लवकर उरकून टाकू,” असे त्यांचे यजमान म्हणाले.

दुर्बिणीने वेगळेच दाखवले. डावा तंतू तिथेच होता. उजवा मध्यरेषा ओलांडून त्याच्यापर्यंत जाऊन टेकत होता. म्हणजे आवाज भरपाईने आला होता, नस सावरल्याने नव्हे. हा फरक कानाला कळत नाही. आणि याच क्षणी तो जिवावरचा होता. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया करताना उजवी नसही दुखावली असती, तर दोन्ही कवाडे मध्याजवळ थिजली असती. तेव्हा आवाज कदाचित बरा राहतो, पण श्वासाची वाट बंद होते. आत घेताना घर्र-घर्र आवाज करणारा श्वास, हीच त्याची खूण. शस्त्रक्रियेनंतर अशी खूण दिसली, किंवा मान झपाट्याने सुजू लागली, तर ती ताबडतोब उपचाराची वेळ असते. श्वासासाठी गळ्याला भोक पाडावे लागू शकते.

मग नस जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी स्वरयंत्राच्या स्नायूंचा विद्युत आलेख काढला. गळ्याच्या पुढून बारीक सुई तंतूच्या स्नायूत घालतात आणि बोलताना तिथे विजेच्या लहरी उठतात का ते पाहतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत हा आलेख फसवा असू शकतो, आणि सहा महिन्यांनंतर त्यातून भविष्य फारसे कळत नाही. बाईंच्या डाव्या तंतूत लहरी विरळ होत्या, पण होत्या, आणि त्यातल्या काही नस नव्याने जोडली जाताना दिसतात तशा तुटक-दंतुर होत्या. याचा आणखी एक उपयोग आहे. नळी घालताना तंतूचा सांधा निखळला तरी तो असाच थिजलेला दिसतो, पण तेव्हा आलेख सहसा निर्दोष येतो. आलेख चांगला आला तरी हालचाल नक्की परतेल अशी हमी मात्र मिळत नाही.

शल्यविशारद आणि कर्करोगतज्ज्ञ यांच्याशी बोलून, गाठीचा प्रकार पाहता काही महिने थांबणे सुरक्षित आहे असे ठरले आणि दुसरी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. आवाजाचे व्यायाम चालू ठेवले. ठसका जास्त असता, किंवा वर्गात बोलणे अशक्य असते, तर थिजलेल्या तंतूत काही महिन्यांत विरघळणारे द्रव्य टोचून त्याला मध्याकडे सरकवता आले असते. कायमची शस्त्रक्रिया मात्र सहसा नऊ महिने ते वर्षभर वाट पाहूनच करतात, कारण तोवर नस स्वतःच सावरू शकते. नस कापली गेल्याची खात्री असेल तर एवढे थांबत नाहीत.

चौथ्या महिन्यात ‘ई’ म्हणताना डावा तंतू मध्याकडे सरकला, आणि हुंगताना दूरही गेला. ‘आ’ सोळा सेकंद टिकला. मगच उजवी बाजू काढली. त्या वेळी नसेला हलकी विद्युत चेतना देऊन तंतू प्रतिसाद देतो का, हे सांगणारे यंत्र लावले होते. ती नस शाबूत राहिली.

एक गोष्ट राहिली. बाईंच्या पहिल्या शस्त्रक्रियेआधी कोणी दुर्बिणीने पाहिलेले नव्हते. त्यामुळे डावा तंतू आधीपासूनच दुबळा होता की नंतर झाला, हे सुरुवातीला खात्रीने सांगता येईना. गाठीच्या दाबानेही तंतू थिजू शकतो, आणि दुसरा हळूहळू भरपाई करत असेल तर आवाजात काही कळतही नाही. म्हणून घरातल्या कोणाची थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. आधी तंतू पाहिले का? आणि दुसरी बाजू करण्यापूर्वी पहिल्या बाजूचा तंतू हलताना पाहिला का?

बाई जूनमध्ये शाळेत परत गेल्या. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचतो, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. वर्गाबाहेरच्या गोंगाटातही मला तो स्पष्ट ऐकू आला.